KCl ची घनता का हलत नाही, आणि AgBr ची वाहकता आधी का घसरते

प्रश्न: सर, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी KCl ७०० अंशांपर्यंत तापवून एकदम थंड केलं आणि पिकनोमीटरने घनता काढली. न तापवलेल्या नमुन्याइतकीच आली. पुस्तकात तर शॉट्की दोषांनी घनता कमी होते आणि फ्रेंकेल दोषांनी होत नाही असं दिलंय. आमचं कुठे चुकतंय? आणि एखाद्या क्षारात व्हेकन्सीच्या जोड्या आहेत की इंटरस्टिशियल, हे प्रयोगाने नक्की ठरवायचं कसं?

उत्तर:

तुमचं मोजमाप बरोबर आहे. पुस्तकातलं वाक्यही बरोबर आहे, फक्त किती कमी होते हे तिथे सांगितलेलं नसतं. आधी तो आकडा काढू, म्हणजे पुढचा रस्ता आपोआप दिसेल.

KCl मध्ये एक शॉट्की जोडी, म्हणजे एक K⁺ ची आणि एक Cl⁻ ची रिकामी जागा, तयार व्हायला साधारण २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. दोषांचं प्रमाण या ऊर्जेच्या निम्म्यावर ठरतं, कारण एका जोडीत दोन रिकाम्या जागा मिळतात. एन्ट्रॉपीचा वाटा धरला तर ७०० °से ला दर दहा लाख जागांमागे सुमारे ३० जागा रिकाम्या निघतात. म्हणजे घनतेतली घट ०.००३ टक्के. अगदी वितळण्याच्या उंबरठ्यावर, ७७० °से ला, हा आकडा ०.००८ टक्क्यांच्या आसपास जातो. आता KCl चं साधं औष्णिक प्रसरण बघा. तापमान एक अंशाने वाढलं की आकारमान साधारण ०.०११ टक्क्याने वाढतं. वितळण्याआधी स्फटिकात असलेल्या सगळ्या रिकाम्या जागांनी घनता जेवढी उतरते, त्याहून जास्त फरक तापमान मोजताना एका अंशाची गफलत झाली तर पडतो. आणि २५ मिलीच्या पिकनोमीटरने काळजीपूर्वक काम केलं तरी ०.१ टक्क्याच्या खाली विश्वासाने जाता येत नाही. तुम्ही शोधत होतात तो फरक तुमच्या साधनाच्या चुकीपेक्षा तीसेक पटींनी लहान होता.

त्यातून एकदम थंड करताना सगळ्या रिकाम्या जागा आत अडकून राहतात असंही नाही. बऱ्याचशा डिसलोकेशन आणि पृष्ठभागाकडे जाऊन संपतात. उलट झटक्याने थंड केलेल्या KCl ला बारीक तडे जातात. त्यात हवा अडकली की घनता खरोखर कमी दिसते आणि ‘शॉट्की दोष सापडले’ असा निष्कर्ष प्रोजेक्ट रिपोर्टात जातो. तुमच्या नमुन्यात फरक आला नाही याचा अर्थ तडे फारसे नव्हते आणि तुम्ही आकडे जुळवले नाहीत. हे चांगलं झालं.

मग घनता निरुपयोगी आहे का? नाही. फक्त शुद्ध क्षार तापवून उपयोग नाही, त्यात वेगळ्या प्रभाराचा आयन मिसळावा लागतो. इथे KCl मध्ये CaCl₂ घालणं हे माझ्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, कारण कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०.०८ आणि पोटॅशियमचं ३९.१०. वजन जवळपास सारखंच, त्यामुळे घनतेत जो बदल दिसेल तो जवळजवळ पूर्ण दोषामुळेच असतो.

Ca²⁺ जेव्हा K⁺ च्या जागी बसतो तेव्हा एक धन प्रभार जास्त होतो. तो भरून काढायला स्फटिकापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, आणखी एक K⁺ निघून जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. दुसरा, सोबत आलेला जादा Cl⁻ फटीत शिरून इंटरस्टिशियल होतो. पहिल्या मार्गात दोन K गेले आणि एक Ca आला, म्हणजे वस्तुमान ३८.१ ने घटलं. दुसऱ्यात एक K गेला, एक Ca आणि एक Cl आला, म्हणजे ३६.४ ने वाढलं. दोन्ही मार्ग घनतेला विरुद्ध दिशांना ढकलतात.

शुद्ध KCl च्या एकक कोशिकेची बाजू ६.२९३ अँगस्ट्रॉम, कोशिकेत चार KCl, मोलर वस्तुमान ७४.५५. यावरून घनता १.९८७ ग्रॅम प्रति घनसेंमी येते. आता हजार K मागे एक Ca घातला असं धरा आणि कोशिकेची बाजू तात्पुरती तीच ठेवा. रिकाम्या जागेच्या मार्गाने घनता ०.०५१ टक्क्याने उतरते, इंटरस्टिशियलच्या मार्गाने ०.०४९ टक्क्याने चढते. म्हणजे १.९८६ की १.९८८, असा सवाल आहे. १९५० मध्ये पिक आणि वेबर यांनी KCl मध्ये कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम घालून हे मोजलं. प्रत्येक Ca²⁺ मागे एक K⁺ ची जागा रिकामी आहे, या हिशोबाशी घनता जुळली. क्लोराइड फटीत बसत असता तर घनतेला वर जावं लागलं असतं.

तुमच्या लॅबमध्ये हे जमेल का? पिकनोमीटरने नाही, पण हायड्रोस्टॅटिक वजनाने जमतं. KCl पाण्यात विरघळतो, त्यामुळे द्रव म्हणून टोल्युइन घ्या, फ्यूम हूडमध्ये. साधारण दहा ग्रॅमचा एकसंध तुकडा, म्हणजे सुमारे पाच घनसेंमी. टोल्युइनमध्ये त्याचं वजन ४.३ ग्रॅमने कमी भरतं. ०.१ मिलिग्रॅमची तराजू असेल तर वजनाची चूक ०.००२ टक्क्यांवर येते, ती पुरेशी आहे. खरा त्रास तापमानाचा. टोल्युइनची घनता दर अंशाला सुमारे ०.१ टक्का बदलते, म्हणजे ०.१ अंश हललं की ०.०१ टक्क्याची चूक. म्हणून शुद्ध आणि मिसळलेला असे दोन्ही तुकडे एकाच द्रवात, एकाच बैठकीत, पाठोपाठ तोला आणि पुन्हा पहिला तोला. द्रवाची घनता दोन्हीकडे सारखीच येते आणि गुणोत्तरातून निघून जाते. तुकडा बुडवल्यावर भिंगातून नीट बघा. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा चिकटून राहिला तरी ०.०१ टक्का गेला.

इथे दोन गोष्टींवर मी हट्टाने जोर देतो. पहिली, Ca किती गेला हे तुम्ही मेल्टमध्ये किती टाकला यावरून धरू नका. CaCl₂ हवेतलं पाणी भराभर ओढतो. पुण्यात जुलैमध्ये तो तराजूवर ठेवला की डोळ्यांदेखत ओला होतो, आणि पाण्यासकट तोललेलं वजन खोटं असतं. शिवाय वितळलेल्या क्षारातून स्फटिक वाढताना Ca चा काहीच हिस्सा आत जातो आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत त्याचं प्रमाण बदलतं. म्हणून ज्या तुकड्याची घनता काढली तोच तुकडा विरघळवून अणुशोषण यंत्रावर किंवा आयसीपीवर Ca मोजून घ्या. दुसरी गोष्ट, कोशिकेची बाजू स्थिर आहे असं आपण हिशोबापुरतं धरलं होतं, प्रत्यक्षात ती थोडी हलते. ती एक्स-रे विवर्तनाने काढा, पण बाजूतली चूक घनतेत तिप्पट होऊन येते हे लक्षात ठेवा. ०.०१ टक्क्याची चूक म्हणजे घनतेत ०.०३, आणि आपला परिणामच ०.०५ आहे. सिलिकॉनची भुकटी मिसळून आणि मोठ्या कोनांच्या रेषा घेऊन मोजलं तरच या आकड्याला अर्थ राहतो.

दाबून बनवलेल्या पेलेटवर यातलं काही करू नका. चांगल्या पेलेटमध्येही तीन-चार टक्के पोकळी असते, ०.०५ टक्का त्यात सापडणारच नाही.

आता वाहकतेकडे या, कारण पुष्कळांची खरी गल्लत इथे होते. घनता काय मोजते? जे जे गेलंय किंवा आलंय ते सगळं, ते हलतंय की नाही याची पर्वा न करता. वाहकता मात्र फक्त सुटे, प्रभारित आणि हलणारे दोष मोजते, तेही संख्या गुणिले चपळता. म्हणून दोष दशलक्षात एक असला तरी वाहकतेला तो दिसतो, आणि घनतेला दिसणारे काही दोष वाहकतेला अजिबात दिसत नाहीत.

पहिली बाजू आधी बघू. ५०० °से ला शुद्ध KCl मध्ये आपसूक तयार झालेल्या रिकाम्या जागा दशलक्षात एकाहूनही कमी, सुमारे ०.६ असतात. हजारात एक Ca घातला की K⁺ च्या रिकाम्या जागा हजारात एक होतात, म्हणजे त्या तापमानाला हजारपटीहून जास्त. ज्या मिश्रणाने घनता ०.०५ टक्का हलली, त्यानेच वाहकता हजारपटीच्या घरात वाढते. यात एक सापळाही आहे. तुमच्या बाटलीवर एआर ग्रेड लिहिलेलं असलं तरी लेबलवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची कमाल मर्यादा बघा. दशलक्षात दहा जरी असेल तरी साधारण ६३० °से पर्यंत वाहकता ती अशुद्धीच ठरवणार. त्याच्या वर, ७७० ला वितळेपर्यंत, जेमतेम १४० अंशांचा पट्टा शुद्ध KCl च्या स्वतःच्या दोषांचा.

हे आलेखात दिसतं. वाहकता गुणिले केल्विन तापमान, याचा लॉगॅरिदम उभ्या अक्षावर आणि १०००/T आडव्या अक्षावर घ्या. दहाचा लॉग घेतला असेल तर उताराला ०.१९८ ने गुणलं की इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये ऊर्जा मिळते. अशुद्धीच्या पट्ट्यात ती ०.७ ते ०.७५ च्या आसपास येते, ती K⁺ ची जागा नुसती सरकण्याची ऊर्जा. वरच्या पट्ट्यात २ च्या जवळ येते, कारण तिथे सरकण्याच्या ऊर्जेत जोडी तयार होण्याची निम्मी ऊर्जा, म्हणजे १.२५, मिळवली जाते. दोन उतारांच्या मध्ये आलेख वळलेला दिसला नाही तर तुम्ही एकाच पट्ट्यात मोजलंय आणि त्यावरून शॉट्की जोडीची ऊर्जा काढता येणार नाही.

मोजताना डीसी वापरू नका. प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडमधून K⁺ जात नाही, त्यामुळे आयन कडेला साचतात आणि प्रवाह मिनिटागणिक घसरत जातो. तो घसरताना दिसला की ओळखा, तुम्ही इलेक्ट्रोड मोजताय. इम्पिडन्स अॅनालायझर घ्या आणि अर्धवर्तुळ आडव्या अक्षाला जिथे टेकतं तिथला रोध वापरा. पावसाळ्यात खालच्या तापमानाचे बिंदू कोरड्या नायट्रोजनमध्येच घ्या, नाहीतर पृष्ठभागावरच्या ओलाव्यातूनच प्रवाह वाहतो आणि उतार विचित्र येतो.

आता दुसरी बाजू, तुमच्या ‘व्हेकन्सीच्या जोड्या’. शॉट्की दोष जोडीने तयार होतात याचा अर्थ त्या दोन जागा शेजारी असतात असा नाही. त्या तयार झाल्यावर बहुतेक एकमेकींपासून लांब, स्वतंत्र फिरतात. पण K⁺ ची रिकामी जागा स्फटिकाच्या दृष्टीने ऋण आणि Cl⁻ ची धन, त्यामुळे काही जोड्या खरोखर शेजारी येऊन बांधल्या जातात. अशी बांधलेली जोडी एकूण उदासीन असते. ती स्फटिकात फिरते, आयनांची अदलाबदल घडवते, पण विद्युतक्षेत्रात तिच्यावर निव्वळ बल नसतं, म्हणून वाहकतेत तिचा वाटा शून्य. घनतेत मात्र ती पुरेपूर मोजली जाते. मग तिचा पत्ता कसा लागतो? किरणोत्सारी क्लोरीनचं विसरण मोजून. अल्कली हॅलाइडमध्ये द्विसंयुजी धनायन घालत गेलं की सुट्या Cl⁻ रिकाम्या जागा दबतात आणि क्लोराइडचं विसरण कमी होत जातं, पण शून्यावर जात नाही, एका पातळीवर थांबतं. ती उरलेली पातळी बांधलेल्या जोड्यांची. दोन्ही रिकाम्या जागांच्या प्रमाणांचा गुणाकार त्या तापमानाला ठरलेला असतो, म्हणून मिश्रण कितीही वाढवा, जोड्यांची संख्या तीच राहते.

अशीच गत Ca²⁺ आणि त्याच्या शेजारी अडकलेल्या K⁺ च्या जागेची. तापमान उतरलं की त्या एकमेकांना धरून बसतात. घनता तीच राहते, वाहकतेचा उतार मात्र अधिक तीव्र होतो. आणखी थंड केलं, किंवा सावकाश थंड केलं, तर Ca वेगळे कण होऊन बाहेर पडतो आणि पारदर्शक स्फटिक धुरकट दिसायला लागतो. तसा तुकडा घनतेच्या मोजमापासाठी बाद समजा.

आता फ्रेंकेल. AgBr मध्ये Ag⁺ आपली जागा सोडून फटीत बसतो. बाहेर काहीच गेलं नाही, म्हणून वस्तुमान तेच. आजूबाजूचे आयन थोडे सरकतात, त्यामुळे आकारमान किंचित बदलतं, पण तो बदल एक्स-रेने काढलेल्या कोशिकेत आणि दांड्याच्या लांबीत सारखाच दिसतो. शॉट्की दोषात दांड्याची लांबी कोशिकेपेक्षा जास्त वाढते, कारण आतून निघालेले आयन पृष्ठभागावर नवे थर रचतात. दोन्हींमध्ये घनतेच्या अंगाने खरा फरक हा आहे.

मग AgBr मध्ये CdBr₂ घालून घनता काढली तर फ्रेंकेल सिद्ध होईल का? होणार नाही, आणि हा मुद्दा तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो. Cd²⁺ आला की तिथेही Ag⁺ ची जागाच रिकामी होते, KCl मधल्या Ca सारखीच. मिश्रण केलेल्या क्षाराची घनता एवढंच सांगते की जादा प्रभार रिकाम्या जागेने फेडला की इंटरस्टिशियलने. शुद्ध क्षारात मुळात कोणता दोष आहे हे ती सांगत नाही.

ते वाहकता सांगते. १९३७ मध्ये कोख आणि वाग्नर यांनी चांदीच्या हॅलाइडमध्ये कॅडमियम आणि शिशाचे हॅलाइड मिसळून वाहकता मोजली. KCl मध्ये ती पहिल्या चिमटीपासून वाढत जाते. AgBr मध्ये ती आधी उतरली आणि मग चढली. कारण असं: फटीतला Ag⁺ आणि Ag⁺ ची रिकामी जागा यांच्या प्रमाणांचा गुणाकार ठरलेला असतो. Cd ने रिकाम्या जागा वाढल्या की फटीतले Ag⁺ कमी होतात, आणि फटीतला Ag⁺ हा जास्त चपळ वाहक आहे. समजा तो रिकाम्या जागेपेक्षा चौपट चपळ आहे. शुद्ध क्षारात दोन्हींची संख्या १ धरा, वाहकता ४ अधिक १, म्हणजे ५. Cd घालून रिकाम्या जागा २ झाल्या की फटीतले ०.५ उरतात. वाहकता २ अधिक २, म्हणजे ४. वीस टक्क्यांनी उतरली. अजून घालत जा, रिकाम्या जागा १० झाल्या की फटीतले ०.१ उरतात, वाहकता ०.४ अधिक १०, म्हणजे १०.४. खड्डा किती खोल आहे यावरून चपळतेचं गुणोत्तरही मिळतं.

पण नुसता खड्डा दिसला म्हणून फ्रेंकेल म्हणू नका. खड्डा एवढंच सांगतो की जो वाहक दबला तो जास्त चपळ होता. शॉट्की क्षारात चपळ ऋणायन-जागा दबल्या तरी खड्डा येईल. AgBr मध्ये ही शंका ट्युबांट यांच्या पद्धतीने मिटते. चांदीच्या इलेक्ट्रोडमध्ये क्षाराच्या वड्या एकावर एक दाबून ठेवायच्या, ठरावीक प्रभार सोडायचा आणि नंतर प्रत्येक वडी नि इलेक्ट्रोड तोलायचे. प्रभाराच्या हिशोबाइतकीच चांदी एका इलेक्ट्रोडवरून गेली आणि दुसऱ्यावर आली, ब्रोमाइड हललं नाही. म्हणजे दबलेला चपळ वाहक ब्रोमाइडची जागा असूच शकत नाही, तो फटीतला Ag⁺ च असला पाहिजे. हे दोन प्रयोग एकत्र ठेवले की मगच निष्कर्ष पक्का होतो.

तुमच्या प्रकल्पासाठी माझा सल्ला असा की, मोठा एकसंध स्फटिक मिळत नसेल तर घनतेचा भाग KCl वर करू नका, यिट्रिया घातलेल्या झिर्कोनियावर करा. ८ मोल टक्के Y₂O₃ असताना कोशिकेची बाजू ५.१४ अँगस्ट्रॉम धरली तर ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांच्या हिशोबाने ५.९५ आणि धनायन फटीत आहेत या हिशोबाने ६.१८ ग्रॅम प्रति घनसेंमी घनता येते. जवळपास चार टक्क्यांचा फरक, हेलियम पिकनोमीटरला सहज पकडता येणारा. फक्त पेलेट दळून बारीक भुकटी करा, नाहीतर बंद पोकळ्यांमध्ये हेलियम शिरत नाही. मोजमाप ५.९५ च्या बाजूला पडतं. याच पदार्थाची वाहकता ८ मोल टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते आणि त्यापुढे यिट्रिया वाढवला, रिकाम्या जागा वाढल्या, तरी ती उतरते, कारण त्या यिट्रियमशी आणि एकमेकींशी बांधल्या जायला लागतात. तीन-चार वेगवेगळ्या प्रमाणांच्या भुकट्या आणि त्यांचे पेलेट घेतले तर घनता आणि वाहकता दोन्ही एकाच मालिकेवर मोजून होतील, आणि KCl चा वाहकतेचा आलेख सोबत जोडता येईल.